द्रव गाभा आणि एस लहरी
प्रश्न: भूकंपाच्या पी आणि एस लहरींपैकी पृथ्वीच्या द्रव गाभ्यातून फक्त पी लहरीच का जातात? आणि लहरी पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून अंतर कसं काढतात?

उत्तर: एस लहर पदार्थाला आडवी सरकवत पुढे जाते आणि द्रवाला आकार टिकवण्याचा ताठरपणा नसल्यामुळे सरकलेला थर मागे खेचलाच जात नाही, म्हणून ती द्रव असलेल्या बाह्य गाभ्याच्या सीमेवर थांबते. पी लहर दाब देत जाते. दाबाला द्रवही विरोध करतो, त्यामुळे ती पार होते, फक्त तिचा वेग घटतो आणि ती वाकते.

अंतरासाठी जवळचा भूकंप घ्या. कवचात पी लहरीचा वेग सेकंदाला साधारण ६ किमी, एसचा ३.५ किमी. म्हणजे दर किलोमीटरमागे एस सुमारे ०.१२ सेकंद मागे पडते. उलट हिशेबाने, फरकाचे सेकंद गुणिले ८.४ म्हणजे किलोमीटर. आलेखात एस २० सेकंद उशिरा दिसली, तर भूकंप सुमारे १६८ किमीवर झाला. दिशा मात्र यातून कळत नाही, त्यासाठी किमान तीन भूकंपमापन केंद्रांभोवती आपापल्या अंतराची वर्तुळं काढून ती छेदावी लागतात.

हा गुणक काही शे किलोमीटरपर्यंतच चालतो. पुढे लहरी कवचाखालच्या खोल प्रावरणातून येतात आणि तिथे त्यांचा वेग जास्त असतो, म्हणून प्रवासवेळेची कोष्टकं वापरतात. साधारण ११,५०० किमीपलीकडे गाभा आड येतो, थेट एस येतच नाही आणि ही पद्धत संपते.