जुळ्यांच्या आत्याबाईंना

प्रिय मुली,

बारशाला आठ दिवस उरलेत आणि तू मानस-माधववर अडून बसली आहेस. दोन्ही नावं गोड आहेत, पण जोडी म्हणून चालणार नाहीत.

'म' सोडायचा नाही हा घरच्यांचा हट्ट मला पटतो. एकाच नक्षत्रचरणात जन्मलेल्या जुळ्यांना पंचांगातून अक्षर एकच मिळतं, आणि चरण साधारण सहा तासांचा असतो. तेव्हा अक्षर खुशाल जुळू दे. स्वर मात्र वेगळा ठेव.

गर्दीत व्यंजनं लांब पोचत नाहीत. न, ध, स, व हे आवाज पंख्याच्या घरघरीत आणि माणसांच्या कलकलाटात विरून जातात; पलीकडे पोचतो तो स्वर. मानसमधला आणि माधवमधला फक्त स्वर काढून बघ. दोन्हीकडे 'आ-अ'. कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारलीस, तर दोघंही वळतील, किंवा दोघांनाही वाटेल की दुसऱ्याला बोलावलंय. रिया-दियाचंही तेच होतं.

त्यातही शेवटचा स्वर सगळ्यात महत्त्वाचा, कारण हाक मारताना आपण तोच ताणतो. म्हणून मीरा-मुक्ता ही जोडीही कच्चीच. सुरुवात वेगळी असली तरी लांबून दोन्हीकडे 'आऽ' एवढंच उरतं. तोंड पूर्ण उघडणारा 'आ' एकाला दे आणि तोंड मिटत आणणारा 'ई' दुसऱ्याला. ई-ए किंवा ऊ-ओ असे जवळचे स्वर समोरासमोर ठेवू नकोस.

मग मल्हार-मिहिर घे. दोन्ही 'म'ने सुरू होतात, 'र'वर संपतात, म्हणून कानाला जुळी वाटतात. पण हाक मारलीस की एक 'मल्हाऽर', दुसरं 'मिहीऽर'. हेच तर मी सांगतेय: अक्षर जुळू दे, स्वर वेगळा ठेव!

माझ्या शब्दावर विसंबू नकोस. मिक्सर लाव, पंखा सोड, कुणाला तरी पाठ करून पलीकडच्या खोलीत उभं कर. दोन्ही नावांनी पाच-पाच हाका मार, पण आळीपाळीने नको, नाहीतर तो अंदाजाने सांगेल. प्रत्येक हाकेला त्याने नाव सांगायचं. दोनदा चुकला तर जोडी बाद. शेजारी बसून नावं उच्चारून बघणं ही परीक्षाच नव्हे. तिथे सगळ्याच जोड्या पास होतात.

लाडाची नावंही आत्ताच ठरव. मल्हारचा मल्लू आणि मिहिरचा मिहू झाला, की दोन्हींच्या शेवटी 'ऊ' येऊन सगळी मेहनत वाया. मिहू राहू दे, मल्हारला मल्हारच म्हणा. आजीला हे आधी सांग, कारण लाडाचं नाव तीच पाडते आणि एकदा पडलं की निघत नाही.

आणि शाळेत, दवाखान्यात 'म.' एवढंच लिहू देऊ नका. वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं एकच असणार. नाव पूर्ण लिहिलं तरच दोघांचे कागद वेगळे राहतील.

तुझी,
मावशी