विचारपूस करा, श्रद्धांजली वाहू नका

प्रश्न : गोकुळपेठेत भाजी घेताना शेजारच्या काकू भेटल्या. काकांना जाऊन आठच दिवस झालेत. मी गडबडीत "भावपूर्ण श्रद्धांजली, काकू" म्हणून गेलो, त्या नुसत्या बघत राहिल्या. रस्त्यात दोन मिनिटांत काय म्हणावं? आणि "सांत्वना देणे" बरोबर की "सांत्वन करणे"?

सांत्वन करणे. संस्कृतात "सान्त्वना" आहे, असं बजावणारे पंडित मला नेहमी भेटतात. असेल. मराठीत रुळलेला शब्द नपुंसकलिंगी सांत्वनच आहे. "सांत्वना देणे" आपल्या नागपुरात हिंदीतून आलं आणि ते कानाला खटकतं.

पण माझा खरा राग त्या श्रद्धांजलीवर आहे. फ्लेक्सवर वाचून वाचून लोक ती माणसाच्या तोंडावर म्हणू लागले. अंजली म्हणजे ओंजळ. ती गेलेल्यासाठी असते, म्हणून तर आपण ती "वाहतो". भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकूंना ती कशी वाहणार?

रस्त्यात करायची असते ती विचारपूस. यातला "पूस" आला पुसणे म्हणजे विचारणे यावरून. संतांच्या मराठीत हे क्रियापद जागोजागी दिसतं. संस्कृतात पृच्छति, प्राकृतात पुच्छइ आणि मराठीत पुसणे. च्छ चा स होणं ही आपल्या भाषेची जुनी खोड : मच्छचा मासा झाला, उच्छुचा ऊस झाला. आता दुसरं पुसणे बघा, डोळे पुसणे. त्याचं मूळ वेगळं. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात मृज् म्हणजे स्वच्छ करणे या धातूऐवजी प्राकृतात येणारी रूपं दिली आहेत, आणि त्यांत "पुंछ" आहे, "पुस" पण आहे. म्हणजे दोन निराळ्या वाटांनी आलेले धातू मराठीत एका उच्चारावर येऊन थांबले. व्युत्पत्तीवाले म्हणतात, हा निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नये. मूळ वेगळं, हे मलाही मान्य. पण शब्द जगतो तो बोलणाऱ्याच्या कानात, आणि मराठी कानाला विचारपूस म्हटलं की विचारणं आणि टिपणं दोन्ही ऐकू येतं, असं माझं ठाम मत आहे. चौकशी म्हटलं की कोरडं वाटतं आणि विचारपूस म्हटलं की ओल लागते, ते उगाच नाही.

माझे वडील गेले तेव्हा नवव्या दिवशी मी धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानात मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढत होतो. ओळखीचे एक गृहस्थ आले. "कसे काय गेले? शुगर होती का? ॲडमिट नव्हतं केलं?" मशीनचा उजेड सरकत होता आणि मी सगळं पहिल्यापासून सांगत होतो. त्या आठवड्यात कितव्यांदा, ते मोजणं मी सोडलं होतं. पाच मिनिटांनी वडिलांचे फिरायला जाणारे सोबती आले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तुह्या बाबांचं समजलं. लय वाईट वाटलं. जेवला का बाबू आज?" मी नाही म्हटलं. "जाय, जेव पहिले. तेरवीच्या आधी येतो मी घरी."

त्यांच्या "बाबांचं समजलं"कडे नीट बघा. बाबांचं काय समजलं? षष्ठी आहे, पण तिच्यापुढचं नाम गाळलेलं आहे. निधन, मृत्यू, जाणं, काहीच उच्चारलं नाही आणि तरी काही अडलं नाही. तो शब्द ऐकण्यातून त्यांनी मला वाचवलं. आणि "वाईट झालं" न म्हणता "वाईट वाटलं" म्हटलं. झालं म्हटलं की घटनेवर शेरा होतो, मग "सुटले बिचारे" यायला वेळ लागत नाही. वाटलं मध्ये बोलणारा स्वतः येतो. पुढचा प्रश्नही असा होता, की त्याला हो-नाहीत उत्तर देता येत होतं. "कसे गेले" ला तसं देता येत नाही. समोरच्याला सांगायचंच असेल तर तो आपणहून सुरू करतो, मग मात्र घड्याळ न बघता ऐकावं.

निरोपाचं काय? दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, म्हणून लोक रस्त्यावरही अडखळतात आणि काही न बोलता सटकतात. तो संकेत त्या घराच्या उंबरठ्याचा आहे. गोकुळपेठेच्या बाजारात "येतो घरी" खुशाल म्हणा, मात्र जाणार असाल तरच.

काकांची तेरवी अजून व्हायची आहे ना? त्याआधी जा. "काकांचं कळलं होतं काकू, त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही," एवढं म्हणा आणि बसा थोडा वेळ.