आठव्या महिन्यात 'कम' ऐकू येईनासं का होतं?

पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात, पण तक्रार एकच असते: कालपर्यंत ऐकणारं कुत्र्याचं पिल्लू आज ऐकत नाही. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न: आमचा लॅब पाच महिन्यांचा असताना 'सिट' म्हटलं की लगेच बसायचा. आता आठ महिन्यांचा झालाय, तर ढुंकून बघत नाही. शिकलेलं विसरला का?

विसरलेला नाही, वयात येतोय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'सिट' सांगून पाहिलं. त्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आठव्या महिन्यात कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शब्द डोक्यात शाबूत होता. वर्षाची होईपर्यंत ती पुन्हा सुधारली. तोवर शिकवणं बंद करू नका.

प्रश्न: नसबंदी केली की ऐकायला लागतो, असं सोसायटीत सगळे सांगतात. खरं का?

नाही. नराचं भटकणं आणि जागोजागी मुतणं त्याने कमी होऊ शकतं, पण 'कम' काही आपोआप शिकून होत नाही. मोठ्या जातीत ती कधी करायची हे व्हेटने तपासून ठरवायचं असतं, सोसायटीने नाही.

प्रश्न: बागेत पट्टा सोडला की दहा हाका मारल्या तरी येत नाही. उशिरा आली म्हणून दोनदा ओरडले. आता जवळ येते आणि हाताच्या अंतरावरून पळते. काय करू?

ओरडणं आजच थांबवा. ती तुमच्यापर्यंत आली तेव्हा ओरडा बसला, म्हणून ती शिकली की जवळ जाणं धोक्याचं.

कोथरूडची दहा महिन्यांची एक गोल्डन रिट्रीव्हर माझ्याकडे आली होती, नेमकी याच तक्रारीसाठी. चौकशी केली तेव्हा कळलं की आई 'कम' म्हणते, बाबा 'इकडे ये', मुलगा शिट्टी वाजवतो आणि आजी नुसतं नाव घेते. शिवाय बागेत हाक यायची ती पट्टा लावून घरी न्यायलाच. कुत्रीने हिशेब बरोबर केला होता: हाक आली की खेळ संपला.

जुना शब्द खराब झाला होता, म्हणून तो सोडून दिला. नवीन खूण ठरवली, दोन आखूड शिट्ट्या, आणि घरातल्या चौघांनीही तीच वाजवायची. पहिला आठवडा फक्त घरात: शिट्टी, आणि लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, दिवसातून दहा-पंधरा वेळा. मग पार्किंगमध्ये, मग बागेत, पण मोकळं नाही. आठ-दहा मीटरची दोरी, तीही गळ्यातल्या पट्ट्याला नाही, हार्नेसला. (दोरी हाताला गुंडाळू नका, झटका बसला तर बोटं जायबंदी होतात.) शिट्टी एकदाच. आली नाही तर पुन्हा वाजवायची नाही, दोरी हळूहळू गोळा करत तिच्याजवळ जायचं. आली की तुकडा द्यायचा आणि 'जा खेळ' म्हणून सोडायचं. पाचपैकी चार वेळा असं सोडायचं, एकदाच पट्टा लावायचा. दहापैकी आठ वेळा येईपर्यंत पुढची जागा घ्यायची नाही.

चौथ्या आठवड्यात ती माजावर आली आणि सगळं ढासळलं. बाग बंद केली आणि पुन्हा घरातून सुरुवात केली. घरच्यांना वाटलं मेहनत वाया गेली. गेली नव्हती. माज ओसरल्यावर दोन आठवड्यांत ती आधीच्या टप्प्यावर परत आली.

तुमची कुत्री हाताच्या अंतरावरून पळते, म्हणजे गोष्ट पुढे गेली आहे. एकदा प्रशिक्षकाला प्रत्यक्ष दाखवा, आणि तोवर पट्टा सोडू नका.

प्रश्न: एक केंद्र पंधरा दिवस ठेवून घेऊन गॅरंटीने शिकवतं, आणि इलेक्ट्रिक कॉलरही देतं. पाठवावं का?

पाठवू नका. तिथे तो तिथल्या माणसाचं ऐकायला शिकेल, घरी पुन्हा तुम्हीच असणार. आणि शॉक नेमका दुसरा कुत्रा समोर असताना बसला, तर तो त्या कुत्र्याला वेदनेशी जोडतो आणि पुढे त्याच्यावर धावून जायला लागतो. अशी कुत्री मी पाहिली आहेत, आणि ती दुरुस्त करायला पंधरा दिवस पुरत नाहीत. जनावराच्या वागण्याची गॅरंटी देणाऱ्याकडून लांब राहा.

प्रश्न: अकरा महिन्यांची लॅब. 'सिट' म्हटलं की अर्धवट टेकते आणि उठते. जिना चढतानाही थांबते. हट्टीपणा वाढलाय. महिनाभर वाट बघू का?

एक दिवसही नको. बसताना मागचा एक पाय बाहेर फेकते का, झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं आखडून टाकते का, ते बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष या वयात दिसू लागतो. गोचीड-ताप असला तरी कुत्रं असंच मंदावतं. व्हिडिओ घेऊन व्हेटकडे जा. गरज वाटल्यास ते एक्स-रे आणि रक्ततपासणी सांगतील. निदान होईपर्यंत तिला 'सिट' सांगू नका.