आधी लहान कर्ज की जास्त व्याजाचं?

"गावात शेकडा तीनने घेतलेले 60,000, मायक्रोफायनान्सचे 24,000 (वर्षाला 24 टक्के, हप्ता 2,500) आणि बँकेचं 1 लाखाचं पीक कर्ज आहे. किराणा दुकानातून महिन्याला 10,000 फेडायला निघतात. आधी लहान संपवू की जास्त व्याजाचं?"

मी लातूरकडच्या एका सोसायटीत गटसचिव होतो. कागद-पेन घेऊन तुमचा हिशेब मांडून पाहिला.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, तेव्हा महाग तेच. मायक्रोफायनान्सचा हप्ता चालू ठेवून दरमहा 7,500 सावकाराला दिले, तर दहाव्या महिन्यात दोन्ही मिटतात आणि व्याजात साधारण 12,500 जातात. उलट केलं, म्हणजे सावकाराला नुसतं 1,800 व्याज आणि 8,200 मायक्रोफायनान्सला, तर ते चौथ्या महिन्यातच संपतं. पुढे सगळे पैसे सावकाराकडे वळवले की दोन्ही मिटायला तेवढेच दहा महिने, व्याज 13,600. फरक अकराशेचा.

म्हणून मी आधी एक गोष्ट विचारून घेईन: सावकार मुद्दल थोडं थोडं घेतो का? पुष्कळ जण म्हणतात, "मुद्दल एकरकमी द्या, तोवर व्याज देत राहा." तसं असेल तर प्रश्नच मिटला. लहान कर्ज आधी संपवा, मग 60,000 साठवा. थोडं थोडं घेत असेल, तर सावकार आधी; पण दर वेळी शिल्लक किती राहिली ते लिहून घ्या. मायक्रोफायनान्सला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. मात्र जादा भरलेले पैसे मुद्दलात लागले की पुढच्या हप्त्यांचे म्हणून जमा झाले, हे पुढच्या पावतीवरच्या शिल्लकीत बघा.

खरा पैसा आहे तो पीक कर्जात, आणि त्याचा या क्रमाशी संबंधच नाही. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं, की केंद्राची आणि पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत गेली. लाखावर वर्षाचे निदान 7,000. अकराशे वाचवायच्या नादात लोक हे घालवतात. मी अशी खाती दरवर्षी पाहिली.

नवं-जुनं करायला चार दिवसांचे हातउसने घेणार असाल, तर नवीन कर्ज मंजूर आहे ना, हे शाखेत विचारल्याशिवाय पैसे भरू नका. नवीन मिळालं नाही तर तो लाखही शेकडा तीनवर जातो. त्यापेक्षा सोयाबीनची पट्टी हातात पडली त्याच दिवशी पीक कर्जाची रक्कम वेगळ्या खात्यात टाका, दुकानाच्या गल्ल्यात नको.