तक्त्याची शेवटची तिरपी रांग आधी हाताने झाका

प्रश्न: मी घरगुती साबण आणि तेलं ऑनलाइन विकते. कुणीतरी सांगितलं म्हणून दर महिन्याच्या रिपीट खरेदीचा तक्ता काढला. जुन्या महिन्यांच्या ओळींत पुढे २० टक्क्यांपर्यंत आकडे दिसतात, पण अलीकडच्या ओळींत ३-४ टक्केच. दिवाळीच्या ओळीत तर सगळंच कमी. माझी गिऱ्हाइकं तुटतायत का? हा तक्ता वाचायचा कसा?

उत्तर:

मी गेली काही वर्षं कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी असलं ऑनलाइन विकतो, आणि याच तक्त्याने मला एकदा रात्रभर जागवलंय. त्यामुळे माझ्याच दुकानाचा तक्ता समोर ठेवून सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केलेत. तक्ता काढला १० फेब्रुवारी २०२६ ला.

| पहिली खरेदी | नवे ग्राहक | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| सप्टेंबर | २०० | ९% | २२% | १२% | १८% | ३% |
| ऑक्टोबर | ५०० | ८% | १०% | ७% | २% | |
| नोव्हेंबर | १५० | ८% | २२% | ३% | | |
| डिसेंबर | १६० | ९% | ७% | | | |
| जानेवारी | १८० | ३% | | | | |

एक ओळ म्हणजे एका महिन्यात आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्यांची तुकडी. वरचे आकडे म्हणजे त्यानंतर कितवा महिना. सप्टेंबरच्या ओळीत २ खाली २२% आहे, म्हणजे सप्टेंबरात पहिल्यांदा आलेल्या २०० जणांपैकी ४४ जणांनी नोव्हेंबरात काहीतरी घेतलं. पुढच्या १२% मध्ये हेच ४४ जण असतील असं नाही. कुणी नोव्हेंबर चुकवून थेट डिसेंबरात आलेला असतो. काही ॲप 'आतापर्यंत कधीतरी परत आले' असा साठत जाणारा तक्ता देतात. त्यात आकडा उजवीकडे कधी उतरत नाही. तुमचा कुठे उतरत असेल, तर तुमचा तक्ता माझ्यासारखाच आहे.

आता प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा बघा: ३, २, ३, ७, ३. ही तिरपी रांग म्हणजे फेब्रुवारी महिना, आणि फेब्रुवारीचे अजून दहाच दिवस झालेत. अर्धवट महिना पूर्ण महिन्यांच्या शेजारी बसवला की प्रत्येक ओळ शेवटी कोसळल्यासारखी दिसते, आणि जितकी नवी ओळ तितका तो एकच वाईट आकडा जास्त डोळ्यात भरतो. जानेवारीच्या ओळीत तर दुसरं काही नाहीच. तुमचे ३-४ टक्के बहुतेक इथलेच आहेत. तक्ता काढल्याची तारीख बघा, ती महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली असेल तर ही रांग हाताने झाका आणि मग वाचायला सुरुवात करा.

माझ्या बाबतीत मी ती झाकली नव्हती. दोन वर्षांपूर्वी महिन्याच्या आठ तारखेला तक्ता बघितला, पोटात गोळा आला, आणि सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना २० टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. महिनाअखेरीस ती तिरपी रांग वरपासून खालपर्यंत फुगली. काय खूश झालो! पुढच्या महिन्याची तिरपी रांग तेवढीच खाली बसली. दोन महिन्यांची बेरीज नेहमीइतकीच भरली, फक्त त्यातला कूपनवाला माल २० टक्के कमी पैशात गेला. ज्यांचा मसाला संपत आलाच होता त्यांनी तो तीन आठवडे आधी स्वस्तात भरून ठेवला, एवढंच झालं. त्यातून एक कायमची खूण मात्र मिळाली. एकाच तिरप्या रांगेत सगळ्या ओळी एकदम वर किंवा खाली गेल्या, तर कारण त्या कॅलेंडरच्या महिन्यात शोधायचं: कूपन, सण, कुरिअरचा घोळ, माल संपणं. एकच ओळ सगळीकडे कमी असेल तर ती माणसंच वेगळी आली होती. आणि सगळ्या ओळींत एकाच रकान्यात चढ किंवा उतार असेल, तर तो मालाचा स्वभाव असतो.

माझ्या मालाचा स्वभाव २ च्या रकान्यात दिसतो. अर्ध्या किलोचा कांदा-लसूण मसाला चार माणसांच्या घरात साधारण दोन महिने पुरतो. म्हणून १ खाली ८-९% आणि २ खाली २२%, मग ३ खाली पुन्हा कमी, ४ खाली पुन्हा चढ. पहिल्या महिन्यातले ८-९% बघून 'नव्वद टक्के लोक गेले' म्हणणं म्हणजे डबा भरलेला असताना माणूस दुकानात का आला नाही म्हणून रुसणं. तुमचा साबण एकटा वापरणाऱ्याला किती दिवस पुरतो, तीनच्या पॅकला किती दिवस लागतात, हे आधी कागदावर लिहा. तेल आणि साबण यांचे तक्ते वेगळे काढले तर उत्तम. दोन वेगळ्या गती एकत्र केल्या की चढउतार एकमेकांत मिसळून सपाट होतात.

फेब्रुवारीच्या झाकलेल्या रांगेतही डिसेंबरचे ७% बाकीच्यांपेक्षा उंच का, हेही आता कळेल. त्यांचा हा दुसरा महिना आहे. अर्धवट महिन्याची तुलना करायचीच असेल तर अर्धवटाशीच करायची. नोव्हेंबरच्या तुकडीतले १ ते १० जानेवारीत किती आले होते ते मी काढलं: १५० पैकी १२, म्हणजे ८%. इथे १६० पैकी ११, म्हणजे ७%. इतक्या लहान तुकडीत एक-दोन माणसांचा फरक म्हणजे काहीच नाही. डिसेंबरच्या १ खालचे ९% म्हणजे फक्त १४ माणसं. ती १० किंवा १८ असती तरी मी हललो नसतो.

आता तुमचा दिवाळीचा प्रश्न. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती आणि माझे ५०० नवे ग्राहक त्यातच आले. २ खाली फक्त १०%, म्हणजे ५० जण. मी त्या ५०० ची विभागणी पहिल्या ऑर्डरमध्ये काय होतं त्यावरून केली. ३०० जणांनी भेट द्यायचा फराळाचा डबा घेतला होता, त्यातले डिसेंबरात ८ आले. उरलेल्या २०० जणांनी नेहमीचा मसाला घेतला होता, त्यातले ४२ आले. म्हणजे २१%, जवळजवळ सप्टेंबर-नोव्हेंबरइतकेच. दिवाळीत आलेली नेहमीचा मसाला घेणारी माणसं कुठेच गेली नव्हती, त्यांच्यात ३०० भेट देणारे मिसळले होते.

सगळ्या ओळींची सरासरी काढायचा मोहही इथेच घात करतो. २२, १० आणि २२ ची साधी सरासरी १८. पण माणसं मोजलीत तर ८५० पैकी १२७, म्हणजे १५%. डबेवाले बाजूला काढले तर ५५० पैकी ११९, म्हणजे २१-२२%. टक्क्यांची सरासरी कधीच काढू नका. परतलेल्या माणसांची बेरीज करून तिला तुकड्यांतल्या एकूण माणसांनी भागा, आणि कोणती माणसं ते आधी ठरवा.

हे सगळं तक्ता बरोबर आहे असं धरून. माझा पहिला तक्ता बरोबर नव्हता. त्यात सप्टेंबरची तुकडी २४० होती, कारण ४० कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलं घेतलीच गेली नव्हती आणि आरटीओ होऊन, म्हणजे पाठवणाऱ्याकडेच, परत आली होती. ज्याने डबा उघडलाच नाही तो परत येईल कसा? तो तुमचा ग्राहक झालेलाच नाही. त्यांना धरलं तर ४४ चे १८% होतात, काढलं तर २२%. दुसरा घोळ फोन नंबरांचा. लॉगिन न करता ऑर्डर देणारी तीच बाई एकदा +91 लावून नंबर लिहिते, एकदा नुसता, आणि तक्ता तिला दोन नवी गिऱ्हाइकं समजतो: जुन्या ओळीतून एक परतलेलं माणूस कमी, नव्या ओळीत एक कधीच न परतलेलं जास्त. म्हणून मी तयार रिपोर्टवर न थांबता डिलिव्हर झालेल्या ऑर्डरी शीटमध्ये घेतो. A मध्ये नंबर, B मध्ये तारीख, आणि पुढे हे:

```
C2: =RIGHT(REGEXREPLACE(A2&"", "\D", ""), 10)
D2: =MINIFS(B:B, C:C, C2)
E2: =(YEAR(B2)-YEAR(D2))*12 + MONTH(B2)-MONTH(D2)
F2: =INT(B2)-INT(D2)
```

C हा साफ केलेला नंबर, D पहिल्या खरेदीची तारीख, E कितवा महिना. ओळींत D चा महिना आणि रकान्यांत E घेऊन पिव्हट केलं की वरचा तक्ता माणसांच्या आकड्यांत मिळतो, आणि ते आकडे ० च्या रकान्याने भागले की टक्के. फक्त पिव्हटमध्ये ऑर्डरी न मोजता वेगळे नंबर मोजा, नाहीतर महिन्यात तीनदा घेणारी एक वहिनी तीन माणसं होऊन बसते.

F मधले दिवस मी वेगळ्या कामासाठी ठेवतो. ३१ ऑक्टोबरला घेऊन १ नोव्हेंबरला विसरलेली चटणी मागवणारा 'महिना १' मध्ये जातो, आणि १ ऑक्टोबरला घेऊन ३० ला पुन्हा घेणारा खरा परतलेला माणूस महिना ० मध्येच राहतो आणि दिसतच नाही. म्हणून निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मी महिने सोडतो आणि एवढंच विचारतो: पहिल्या खरेदीनंतर ७ ते ९० दिवसांत किती जण परत आले? त्यात फक्त ज्यांचे ९० दिवस पूर्ण झालेत तेच धरायचे. १० फेब्रुवारीला ती मर्यादा १२ नोव्हेंबर येते. त्यानंतर आलेल्यांबद्दल मी अजून काहीच बोलत नाही.

तुमच्या दिवाळीच्या ओळीसाठी पहिली ऑर्डर गिफ्ट पॅकची होती का, डिलिव्हरीचा पत्ता आणि बिलाचा पत्ता वेगळा होता का, एवढं बघा. भेटवाले निघाले तर त्यांना दर महिन्याला मेसेज पाठवू नका, मी पाठवले आणि बऱ्याच जणांनी ब्लॉक केलं. त्यांचा पुढचा महिना पुढची दिवाळी. आणि तीही बाराव्या रकान्यातच सापडेल असं नाही: २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय, त्यामुळे माझे ऑक्टोबरचे ३०० डबेवाले यंदा १२ आणि १३ अशा दोन रकान्यांत विभागून येतील. मी ते दोन्ही रकाने आत्ताच पिवळे करून ठेवलेत.