प्रबंधातलं साम्य १८ टक्के आलं, आता काय?

प्रश्न: वारकरी संप्रदायावरच्या माझ्या पीएचडी प्रबंधाचं, वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात, इतर लेखनाशी साम्य १८ टक्के आलंय. सादर करण्याआधी ते कसं कमी करू?

उत्तर: आधी टक्का कशाचा आहे ते बघा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची त्यातून वगळायची असतात. अभंग अवतरणचिन्हांत नसतील तर ते मोजले जातात. ते नीट अवतरणात घाला, पण आकडा उतरावा म्हणून अभंगाचे शब्द बदलू नका.

खरा धोका अहवालात साम्य म्हणून न रंगलेल्या परिच्छेदांत असतो. समजा मुळात आहे: ‘वारीत जातिभेद विसरला जातो, पण दिंड्यांच्या रचनेत तो टिकतो.’ तुम्ही लिहिलंत: ‘पालखीसोबत चालताना जातीचा विसर पडतो, तरी दिंड्यांच्या मांडणीत ती कायम राहते.’ यंत्राला हे बहुधा सापडणार नाही. इंग्रजी ग्रंथावरून मराठीत उतरवलेलं तर अनेकदा निसटतंच. पण विचार आणि त्याचा क्रम दुसऱ्याचाच आहे, शेवटी नुसती तळटीप देऊन भागत नाही.

असे परिच्छेद मूळ ग्रंथाशेजारी ठेवून वाचा. वाक्यांचा क्रम जुळला तर पुस्तक मिटून पुन्हा लिहा: ‘अमुक अभ्यासकाच्या मते’ असं सुरुवातीलाच सांगा आणि तुमचं क्षेत्रकार्य त्याला दुजोरा देतं की छेद, ते पुढे मांडा.