टॅप मोडतोय? आधी ड्रिल बघ

टॅपने आटे पाडायच्या भोकाचं ड्रिल ठरवताना बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा नियम बरोबरच आहे, पण त्याने पूर्ण खोलीच्या सुमारे ७७ टक्के आटे मिळतात. स्टेनलेसमध्ये हाताने टॅप फिरवताना एवढे कशाला हवेत? टॅप आवळतो आणि मोडतो. हवे ते टक्के धरून पिचला गुण, ७७ ने भाग आणि उत्तर बाहेरच्या व्यासातून वजा कर.

एम ८, पिच १.२५, आटे ६० टक्के: १.२५ × ६० ÷ ७७ म्हणजे साधारण ०.९७. ड्रिल ७.०३ येतं, म्हणून ७.० घे. नेहमीच्या ६.८ ने ७४ टक्के होतात. भोकाची खोली व्यासाएवढी असेल तर ६० टक्क्यांतही आटे निघण्याआधी बहुधा बोल्टच तुटतो. पातळ पत्र्यात मात्र ६.८ च ठेव. आणि हो, हे कापणाऱ्या टॅपचं गणित; आटे दाबून बनवणाऱ्या टॅपला भोक याहून मोठं लागतं.